चेहरा झाकून साडी बघायची

नांदेडच्या वजिराबादेत जाऊन ‘मुमताज साडी’ मागितली, तर पाच दुकानांत पाच वेगळ्या वस्तू समोर येतील. एकजण झालर लावलेली साडी दाखवेल, दुसरा लेहंगा-साडी. तिसरा तयार निऱ्यांची साडी काढेल आणि वर सांगेल, ‘हीच ती, सध्या खूप चालतीये.’ यात कुणीही खोटं बोलत नाही. त्या नावाखाली बाजारात हे सगळंच विकलं जातं. २००५ मध्ये ‘बंटी और बबली’ आला तेव्हाही असंच झालं होतं. सिनेमात कॉलरचे आखूड कुर्ते होते. काही महिन्यांतच आखूड असलेली कुठलीही कुर्ती ‘बबली’ म्हणून हँगरवर लटकायला लागली, कॉलर असो वा नसो.

मी नांदेडात शिवणकाम करते. माझ्याकडे येणारं निम्मं काम हल्ली फोनमधूनच येतं. एक स्क्रीनशॉट, त्याखाली नटीचं नाव आणि एक प्रश्न: ‘ताई, असं शिवून मिळेल का?’ फोटो असतो, नाव असतं, तरीही कात्री चालवता येईल असं त्यात काहीच नसतं. कारण नाव माणसाचं असतं आणि मला शिवायचं असतं कापड. फोटोतला कपडा शब्दांत कसा उतरवायचा, हे गेल्या वर्षी लातूरच्या एका मुलीबरोबर मी अगदी शेवटपर्यंत करून पाहिलं. ते इथे लिहिते आहे.

तिच्या बहिणीचं लग्न होतं आणि संगीताला ‘रेट्रो’ थीम ठरली होती. तिने पाठवलेलं चित्र १९६८ च्या ‘ब्रह्मचारी’मधल्या नाचाचं होतं. नारिंगी साडी, सोनेरी काठ आणि अंगाला घट्ट लपेटलेली. हे कपडे भानू अथैया यांचे. त्या मूळच्या कोल्हापूरच्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. पुढे १९८३ मध्ये ‘गांधी’ सिनेमाच्या वेशभूषेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. पण आमच्यासारख्या शिवणाऱ्या बायकांना त्यांचं ऑस्करपेक्षा ही साडी जास्त जवळची. का, ते पुढे येतंच.

त्या मुलीचा पहिला मेसेज होता: ‘ताई, मुमताज साडी पाहिजे, सेम टू सेम.’ लगेच दुसरा आला: ‘पण मला तसं दिसणार नाही, माहितीये मला.’

हा दुसरा मेसेज मला नेहमी येतो. नावाबरोबर नटीचं शरीरही येतं. तिची उंची, तिची कंबर, तिचं उभं राहणं. फोटो बघणारी मुलगी साडी बघत नसते, स्वतःची त्या बाईशी तुलना करत असते. मी तिला सांगितलं, ‘आधी फोटोतल्या चेहऱ्यावर अंगठा ठेव. मानेपासून खाली जे दिसतं तेवढंच मला लिहून पाठव. सुंदर, भारी, क्लासी असले शब्द नकोत. कापड कुठून निघतं आणि कुठे जातं ते लिही.’

आधी बेत

तिने लिहिलं, ‘साडी टाइट नेसलीये, खूप वेळा गुंडाळलीये.’ सुरुवात म्हणून वाईट नव्हतं. पण ‘टाइट’ या शब्दाने मला काही कळत नाही. म्हणून मी तिला एकेक जागा विचारत गेले. वरून खाली यायचं: गळा, खांदा, मुंढा, कंबर, सीट, गुडघा, घेर. प्रत्येक जागी दोनच प्रश्न. कापड अंगाला चिकटलंय की सुटलंय? आणि तिथे एखादी रेघ दिसते का? रेघ म्हणजे शिवण, काठ किंवा दुमड.

या पद्धतीने बघितल्यावर तिला जे दिसलं ते असं: ब्लाऊजला बाही नाही. सोनेरी काठ एकदाच दिसत नाही, तो कंबरेखाली एकावर एक असा परत परत दिसतो. त्या रेघा सरळ आडव्या नाहीत, थोड्या तिरक्या चढतात. कंबरेपासून मांडीपर्यंत कापड कुठेच सुटलेलं नाही. समोर निऱ्या दिसत नाहीत.

शेवटचं वाक्य वाचून मला बरं वाटलं, कारण खरी मेख तिथेच आहे. नेहमीच्या साडीत पाच-सहा निऱ्या समोर खोचलेल्या असतात आणि पाऊल टाकायला जागा त्याच देतात. निऱ्या काढून टाकल्या आणि कापड घट्ट गुंडाळलं, तर बाई चालणार कशी? नाचणार कशी? मग मी तिला तो प्रश्न विचारला, जो सिनेमातला कुठलाही कपडा बघताना मी आधी स्वतःला विचारते: ‘हे अंगात घालायचं कुठून?’

थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं: ‘ताई, हे नेसायलेत का घालायलेत?’

बरोबर ओळखलं. ती साडी नेसायची नाहीच, ती घालायची आहे. भानूताईंनी ती आधीच शिवून, चेन लावून तयार केली होती. बघणाऱ्याला लपेटलेलं कापड दिसतं, पण आत एक शिवलेला घागरा आहे आणि त्यावर साडी कायमची बसवलेली आहे. म्हणून ती नाचताना सुटत नाही. समोरच्या फोटोत चेन दिसणार नाही, कारण ती दिसू नये अशीच लावायची असते. पण उघडायची जागा दिसत नसली तरी कुठेतरी असायलाच हवी. ती शोधली की अर्धा कपडा समजतो.

फोटो जे दाखवत नाही त्याचीही एक ओळ लिहावी लागते. तिचा स्क्रीनशॉट गुडघ्याशीच कापलेला होता आणि पाठ तर दिसतच नव्हती. तिथे अंदाज फोटोचा म्हणून लिहायचा नाही. ‘गुडघ्याखाली दिसत नाही, आपण ठरवू’ असं सरळ लिहायचं. बरेचसे बिघाड इथे होतात. शिवणारी आपल्या मनाने मागचा गळा कापते, गिऱ्हाईक आपल्या मनाने दुसराच बघत असते, आणि दोघींना वाटतं की फोटो तर एकच आहे.

मग कापड

फोटोला हात लावता येत नाही, त्यामुळे कापड डोळ्यांनी ओळखावं लागतं. त्यासाठी मी तीन जागा बघते: चमक, दुमड आणि कड.

चमक मोठ्या पट्ट्यात सरकत असेल, म्हणजे मांडीवर पांढरट झोत पडल्यासारखं दिसत असेल, तर ते बहुधा साटीन. चमक नसेल आणि पृष्ठभाग बारीक दाणेदार, मंद वाटत असेल तर जॉर्जेट किंवा क्रेप. दुमड टोकदार, कागदासारखी असेल तर सुती किंवा ऑर्गंझा. गोल आणि खाली ओघळणारी असेल तर जॉर्जेट, शिफॉन यांच्या घरातलं काहीतरी. आणि कड बघायची ती पदराची. पदर अंगापासून लांब उभा राहतो, की खांद्यावरून पाण्यासारखा उतरतो? शिफॉन आणि जॉर्जेट यांतला फरक फोटोत फार कळत नाही. पण आरपार दिसतंय का, यावरून अंदाज येतो.

तिने लिहिलं, ‘साडीचं अंग चमकत नाही, काठच चमकतोय. घड्या बारीक आहेत, पोटावर गोल जातात.’ एवढ्यावर मी साटीन बाद केलं. दुकानदार तिला साटीनच देत होता, ‘रेट्रो म्हणजे चमक’ म्हणून. साटीनच्या पट्ट्या एकावर एक बसवल्या की प्रत्येक पट्टीची चमक वेगळ्या दिशेने पळते आणि काठाच्या रेघा हरवतात. इथे सगळी मजा त्या रेघांची आहे. म्हणून साठ ग्रॅमचं जॉर्जेट घ्यायचं ठरलं. ते मऊ पडतं आणि शिवताना सुईखालून पळतही नाही.

आणि रंग

सगळ्यात जास्त भांडण रंगावरून होतं. त्या काळातल्या रंगीत फिल्मच्या प्रतींत निळसर छटेचा रंग आधी उडतो आणि उरलेलं चित्र लालसर, गुलाबी दिसायला लागतं. नंतर कुणी ती प्रत साफ करताना रंग वाढवतं, मग त्याचा स्क्रीनशॉट निघतो, त्यावर कुणी फिल्टर लावतं, आणि शेवटी तो फोनमध्ये येतो, जिथे रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून स्क्रीन पिवळी केलेली असते. एवढ्या हातांतून गेलेल्या नारिंगी रंगाला ‘सेम टू सेम’ म्हणण्यात अर्थ नाही.

यावर एक साधी तपासणी आहे. चित्रात पांढरं काय असावं ते शोधायचं: एखादा शर्ट, एखादी भिंत, डोळ्यांतला पांढरा भाग. ते जर पांढरं न दिसता गुलाबी दिसत असेल, तर सगळ्याच रंगांत तेवढा गुलाबी मिसळला आहे असं धरायचं. तिच्या चित्रात पांढरे कपडे पिवळट होते. म्हणजे खरा नारिंगी दिसतो त्याहून थोडा कमी पिवळा असणार.

पुढे रंगाला नाव देण्याची वेळ आली. ‘ऑरेंज’ म्हटलं की दुकानदार वीस ठाण उघडतो. मराठीत रंगांची नावं वस्तूंवरून येतात आणि ती इथे फार कामाला येतात: गाजरी, शेंदरी, केशरी, अबोली, डाळिंबी. मात्र एका नावानेही भागत नाही. माझा केशरी म्हणजे इथल्या गुरुद्वाऱ्याच्या निशाणाचा. तिचा केशरी म्हणजे जिलेबीचा. म्हणून मी एक नाव विचारत नाही, दोन विचारते. कशापेक्षा जास्त आणि कशापेक्षा कमी? तिने लिहून पाठवलं: ‘पळसाच्या फुलापेक्षा पिवळा, संत्र्याच्या सालीपेक्षा लाल.’ पळस तिने पाहिला होता, मीही पाहिला होता. या दोघांच्या मधे जेवढी जागा उरते तेवढ्यात आता चूक झाली तरी लहानच होणार होती.

मी वजिराबादेतून तीन नमुने कापून आणले आणि लातूरला जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईबरोबर पाठवले. तिला सांगितलं, ‘दुकानाच्या ट्यूबलाइटखाली बघू नकोस. एकदा दुपारी अंगणात बघ आणि एकदा रात्री घरातल्या दिव्याखाली. संगीत रात्री आहे, तेव्हा रात्रीचं मत जास्त धर.’ दुपारी तिला पहिला आवडला. रात्री तोच विटकरी दिसायला लागला. मग मधला ठरला.

लिहून झालेला कपडा

इतक्या मेसेजनंतर आम्ही जे शेवटी लिहून काढलं, ते हे. यात नटीचं नाव नाही, सिनेमाचंही नाही:

*शिवलेली साडी, डाव्या कुशीत लपवलेली चेन. साठ ग्रॅम जॉर्जेट, पळस आणि संत्रं यांच्या मधला नारिंगी, मंद. निऱ्या नाहीत. कंबरेखाली सात इंच साधं, मग सहा-सहा इंचांच्या पाच पट्ट्या, डावीकडून उजवीकडे किंचित चढत्या. प्रत्येक पट्टीच्या खालच्या कडेला दोन बोटं रुंद सोनेरी लेस. पदर सव्वादोन मीटर, तीन बाजूंनी लेस. ब्लाऊज बिनबाहीचं, त्याच कापडाचं, आत अस्तर. गुडघ्याखाली फोटोत नाही: मागे चौदा इंचांचा काप ठेवायचा. मांडी घालून बसता येणार नाही.*

हे कुठल्याही गावच्या मास्तरांना वाचून दाखवलं, तर फोटो न बघताही ते कापड मागवू शकतील. माझ्या लेखी वर्णन पुरं झालं की नाही याची कसोटी हीच. आणि यात सडपातळ, उंच, गोरी असा एकही शब्द नाही. ते सगळं चेहऱ्याबरोबर अंगठ्याखाली गेलं होतं. उरलेल्या जागी तिची मापं बसली: कंबर ३४, सीट ४२, कंबरेपासून घोट्यापर्यंत ३७ इंच.

शिवताना

३७ मधून वरचे सात इंच वजा केले की तीस उरतात, म्हणून पाच पट्ट्या. तिची उंची जास्त असती तर पट्ट्या वाढवल्या नसत्या, प्रत्येक पट्टी थोडी रुंद केली असती. फोटोतलं प्रमाण असं दुसऱ्या अंगावर नेता येतं.

आतला घागरा न ताणणाऱ्या अस्तराचा केला. सीट ४२ असली तरी तो ४४ इंचांचा ठेवला, कारण खुर्चीवर बसलं की अंग पसरतं. हे दोन इंच सोडले नाहीत तर उभं राहून सगळं छान दिसतं आणि पहिल्यांदा बसल्याबरोबर कुशीची शिवण बोलते. तिची सीट कंबरेपासून आठ इंचांवर सगळ्यात रुंद होती, म्हणून चेन दहा इंचांची. चेन त्या रुंद जागेच्या खाली उतरली नाही तर घागरा वर चढतच नाही, मग कंबर कितीही बरोबर असो.

पट्ट्या उरेब कापल्या. सरळ धाग्यावर कापलेली पट्टी सीटच्या गोलाईवर फुगते. तिरकी कापलेली असेल तर गोलाई धरून बसते. प्रत्येक पट्टी नऊ इंच रुंद घेतली: सहा इंच दिसायला, तीन इंच वरच्या पट्टीखाली दडायला आणि चुण्या पाडायला. उरेब कापायचं म्हणजे कापड जास्त लागतं, कारण ठाणाच्या दोन्ही टोकांना मोठे त्रिकोण उरतात. पाच पट्ट्यांना पावणेतीन मीटर गेलं, पदराला सव्वादोन, वरच्या साध्या भागाला अर्धा. बेरीज केली तर साडेपाच मीटर, म्हणजे एका नेहमीच्या साडीएवढंच. बिनबाहीचं ब्लाऊज त्या उरलेल्या त्रिकोणांतून निघालं.

लेसचा हिशेब वेगळा करावा लागतो. घेर ४४, तिरकेपणाचे दोन इंच धरून ४६, गुणिले पाच. म्हणजे जवळपास पावणेसहा मीटर. पदराच्या दोन लांब कडा साडेचार मीटर आणि शेवट एक मीटरच्या थोडा वर. सगळं मिळून साडेअकरा. बाजारात लेसचं बंडल बहुधा नऊ मीटरचं येतं, तेव्हा दोन बंडलं आणि तीही एकाच वेळी, शेजारी ठेवून बघून घ्यायची. आठवड्याने दुसरं आणायला गेलं तर सोनेरी रंग बदललेला असतो, आणि एकावर एक रेघा असताना तो फरक लांबूनही कळतो.

इथे एक धोका असतो. उरेब कापड ताणतं, लेस ताणत नाही. पट्टी टेबलावर सरळ ठेवून लेस मारली, की अंगावर चढवल्यावर लेसच्या लाटा होतात. म्हणून पट्ट्या आधी एक रात्र क्लिपांनी टांगून ठेवल्या. जेवढं ओघळायचं तेवढं ओघळू दिलं, मग खालची कड पुन्हा सरळ कापली. त्यानंतर त्या घागऱ्यावर टाचल्या आणि लेस सगळ्यात शेवटी लावली. काठाची रेघ स्वच्छ बसली की नाही हे बघायला दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक करायचे. जिथे रेघ थरथरते तिथे उसवायचं.

ट्रायलला ती लातूरहून एसटीने आली, अहमदपूर-लोहा मार्गे. मी तिला साडी घालून दुकानाच्या पायऱ्या चढायला लावल्या. पहिल्या पायरीला पाऊल अडलं, कारण एसटीच्या पायरीसारखीच तीही उंच आहे. मागचा काप दोन इंच वर नेला, सोळा केला. मग ती चढली, उतरली, एक गिरकी घेतली. रेघा जागच्या जागी राहिल्या. आरशात बघताना तिने फोन काढला नाही, हे मी मुद्दाम बघितलं. फोटोशी ताडून बघायची तिला गरज वाटली नव्हती.

फोटो काय देत नाही

अशा वर्णनाला मर्यादा आहेत आणि त्या गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेल्या बऱ्या. स्थिर चित्र एका क्षणाचं असतं. त्या क्षणी नटीने श्वास रोखलेला असेल, एक पाय पुढे टाकलेला असेल, मागून कुणी पिना लावून कापड ओढून धरलं असेल. दिवे रंगानुसार ठेवलेले असतात. तिथे अंगावर एकही चुणी नाही म्हणून तुमच्याही अंगावर नसेल, असं होत नाही. हलणाऱ्या माणसाच्या कपड्याला चुण्या पडतातच. म्हणून जमलं तर स्थिर चित्राबरोबर त्या गाण्याचा तुकडाही बघावा. बेत आणि रंग चित्रातून लिहावा, पण कापड कसं पडतं हे नाचातून.

संगीताच्या दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. नाच झाला, चेन हलली नाही, मावशीने विचारलं कुठून शिवली. फक्त जेवणाच्या पंगतीत मांडी घालून बसता आलं नाही, उभ्यानेच जेवले, असं तिने लिहिलं आणि पुढे हसण्याच्या दोन खुणा. ते तर कागदावर आधीच लिहिलेलं होतं.

या दिवाळीआधी तिने आणखी एक चित्र पाठवलं. कुठल्याशा सिनेमातला लांब अंगरखा. चित्र तिने मानेपासूनच कापलं होतं. खाली लिहिलं होतं: ‘सुती, चमक नाही. डाव्या काखेत बंद. घेर कळ्यांचा, कळ्या किती ते मोजता येईनात. रंग कच्च्या चिंचेपेक्षा हिरवा, कडुलिंबाच्या पानापेक्षा फिका. पाठ दिसत नाही. आणि ताई, यात मांडी घालून बसायचंय.’

नटी कोण, ते तिने लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नाही. कळ्या बारा धरल्या आणि कापड आणायला निघाले.